थाळी ८० ची ९० झाली तेव्हा : नवी पेठेतल्या एका मेसची पाटी

पुण्यात नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रोड हा स्पर्धा परीक्षेच्या पोरांचा भाग. अभ्यासिका, झेरॉक्सची दुकानं आणि मेस, तिन्ही एकमेकांना धरून चालतात. यातल्या एका मेसचे हिशोब आणि करपत्रकं मी पाहतो. नाव आणि गल्ली सांगत नाही, आकडेही वाचायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. २०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर या मेसने दर वाढवले. ते कसे ठरले, पाटी कशी लिहिली आणि पुढे काय झालं, याची ही नोंद आहे.

मेस चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणतात, मीही. तीन पोळ्या, एक सुकी भाजी, एक रस्सा, वरण-भात आणि कोशिंबीर अशी थाळी. तेव्हा रोख ८० रुपये. तीस कुपनांचं बुक घेतलं तर २१००, म्हणजे थाळी ७० ला. शिवाय ५० रुपयांत नुसती पोळी-भाजी. महिन्याला साधारण सहा हजार थाळ्या जातात, त्यातल्या साडेचार हजार कुपनावर. पेठेतल्या काही वयस्कर मंडळींना घरपोच डबेही जातात. आधीची दरवाढ जून २०२३ ची.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला काकूंनी मला एक कागद दाखवला. त्यावर लिहिलं होतं :

"सर्व ग्राहकांस कळविण्यात येते की, तेल, गॅस, भाजीपाला व सर्वच जीवनावश्यक वस्तूंचे भाव गगनाला भिडल्यामुळे नाइलाजास्तव दि. १ नोव्हेंबरपासून थाळीचा दर रु. १०० व कुपन बुक रु. २५५० (जीएसटी वेगळा) करण्यात येत आहे. सहकार्य अपेक्षित. – व्यवस्थापन"

असा मजकूर महाराष्ट्रातल्या कुठल्याही हॉटेलात भिंतीवर सापडेल. पुणेरी पाटीचा खवचटपणा यात नाही, पण गिऱ्हाइकाशी बोलणंही नाही. काकू रोज ज्या पोरांना नावानिशी हाक मारतात, कोणाचा निकाल कधी लागला हेही ज्यांना ठाऊक असतं, त्या अचानक "व्यवस्थापन" झाल्या होत्या.

भाषेचं नंतर बघू म्हटलं आणि वह्या काढल्या. कारण पाटीवर लिहिलेलं कारण खरं आहे का, हे आधी कळायला हवं होतं.

तेलापासून सुरुवात केली. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं होतं. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर मूळ शुल्क शून्य होतं ते २० टक्के झालं, रिफाइंडवर साडेबाराचं साडेबत्तीस. सोयाबीन तेलाचा पंधरा किलोचा डबा सतराशेच्या आसपास मिळायचा, तो काही दिवसांत दोन हजारांच्या वर गेला. काकूंच्या डोक्यात दरवाढीचा विचार आला तो याच धक्क्याने. पण मेसला महिन्याला डबे लागतात दहा. डब्यामागे चारशे धरले तरी वाढ चार हजारांची, आणि ती सहा हजार थाळ्यांवर वाटली की थाळीमागे पासष्ट-सत्तर पैसे. रुपयाही नाही.

गॅसची गंमत वेगळीच. एकोणीस किलोचा व्यावसायिक सिलिंडर सप्टेंबर आणि ऑक्टोबर मिळून ऐंशी-नव्वद रुपयांनी वाढला होता, तेही खरं. पण गेली दरवाढ झाली त्या जून २०२३ मध्ये तो होता त्यापेक्षा ऑक्टोबर २०२४ चा भाव थोडा कमीच भरत होता. मधल्या काळात उतरलेला सिलिंडर पुन्हा चढला, इतकंच. म्हणजे जून २०२३ च्या दरापासून मोजायचं तर गॅसमुळे थाळी महागलीच नव्हती.

मग महागली कशाने? पगाराच्या वहीत उत्तर होतं. स्वयंपाकघरात आणि वाढायला मिळून आठ माणसं. त्यांचा महिन्याचा एकूण पगार ८८ हजारांवरून १ लाख ६ हजारांवर गेला होता. पोळ्या करणाऱ्या दोन मावशी जवळच्या एका हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात जास्त पैशांवर निघाल्या होत्या. त्यांना थांबवायचं तर पगार वाढवणं भाग होतं, आणि एकीचा वाढवला की बाकीच्यांचाही वाढवावा लागतोच. ही वाढ अठरा हजारांची, थाळीमागे तीन रुपये. जागेचा करार नव्याने झाला तेव्हा भाडं ४० चं ४८ हजार झालं होतं, थाळीमागे एक रुपया तेहेतीस पैसे. कणकेचे तीन हजार वाढले होते, म्हणजे पन्नास पैसे. भाजी, कांदा, लसूण यांचा वर्षभराचा सरासरी फरक काढला तो साडेसात हजारांचा, थाळीमागे सव्वा रुपया. सगळी बेरीज केली तेव्हा वाढलेला खर्च थाळीमागे पावणेसात रुपये निघाला, आणि त्यातले सव्वाचार पगार आणि भाड्याचे होते. पाटीवर मात्र या दोन्हींचा उल्लेखच नव्हता.

काकूंचं म्हणणं, "पगाराचं कोण लिहितं? तेलाचं सगळ्यांना पटतं."

पटतं, हे खरं. पण ही गिऱ्हाइकं चालू घडामोडींवर जगणारी आहेत. आयात शुल्काचे टक्के त्यांना तोंडपाठ असतात. तेल महागलं म्हणून थाळी वीस रुपयांनी वाढवली म्हटलं, तर जेवता जेवता कोणीतरी हिशोब मांडणारच. दुसरी अडचण याहून मोठी. तेल उतरतं, लसूण उतरतो, सिलिंडरही उतरतो. ज्या वस्तूचं नाव पाटीवर घातलं ती उतरली की गिऱ्हाईक हक्काने विचारतं की आता थाळी कधी उतरणार. पगार आणि भाडं उतरत नाही, हे सांगावं लागत नाही. म्हणून दरवाढ टिकवायची असेल तर कारणही टिकणारंच द्यायला हवं, आणि या मेसच्या बाबतीत ते खरंही होतं.

जीएसटीची कंसातली ओळ मात्र चर्चेविना काढायला लावली. मेसची वर्षाची उलाढाल बावन्न लाखांच्या आसपास, आणि ती कंपोझिशन योजनेत नोंदलेली आहे. या योजनेत हॉटेलवाल्याने उलाढालीच्या पाच टक्के कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. गिऱ्हाइकाकडून तो वेगळा घेता येत नाही, उलट आपण कंपोझिशन योजनेत आहोत असं दर्शनी भागात आणि आपण कर घेऊ शकत नाही असं बिलावर लिहावं लागतं. काकूंच्या गल्ल्याच्या वर तशी पाटी होतीच. तिच्या शेजारीच "जीएसटी वेगळा" लागलं असतं. याचा दर ठरवतानाही परिणाम होतो. दहा रुपये वाढवले की हातात साडेनऊच येतात.

आता किती वाढवायचं. १०० आणि २५५० हा आकडा काकूंनी "एकदाच वाढवू, दोन वर्षं बघायला नको" या विचाराने काढला होता. त्या दराने महिन्याला कर वजा जाता ब्याण्णव हजार जास्त आले असते आणि वाढलेला खर्च होता साधारण साडेचाळीस हजार. दुप्पट वसुली. रोजच्या गिऱ्हाइकाला दहाची वाढ दोनदा सोसते, वीसची एकदम सोसत नाही, कारण घरून येणारे पैसे ठरलेले असतात आणि खोलीचं भाडं आणि अभ्यासिकेची फी कापता येत नाही. कापलं जातं ते जेवण. रात्रीची थाळी सोडून वडापाववर भागवणारी पोरं काकूंनीच पाहिली आहेत. शिवाय आसपासच्या मेसचं बुक २४०० च्या आतबाहेर होतं. शेवटी थाळी ९० आणि बुक २३४०, म्हणजे कुपनामागे आठ रुपये जास्त, असं ठरलं. यातून महिन्याला अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास येणार होते. खर्चापेक्षा जे सात-आठ हजार जास्त, ते पुढच्या आठ-नऊ महिन्यांच्या चढउतारासाठी.

एक पर्याय आमच्यापैकी कोणी बोललं नाही तरी खोलीत होता : दर तोच ठेवून पोळी लहान करायची, आमटी पातळ करायची. अनेक ठिकाणी हेच होतं. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कळत नाही, रोजच्या माणसाला दुसऱ्या दिवशी कळतं. काकूंनी ते स्वतःच मोडीत काढलं.

त्याऐवजी एक गोष्ट जुन्या दरात ठेवायची असं ठरलं. पोळी-भाजी ५० लाच. ज्याला ९० जड जातील त्याने मेस सोडू नये, पोळी-भाजीवर यावं. हे दान नव्हतं. पोळी-भाजीला भात, वरण, कोशिंबीर काहीच नसतं, त्यामुळे ५० मध्येही ती तोट्यात जात नव्हती.

तारखेवर बराच वेळ गेला. १ नोव्हेंबरला तर लक्ष्मीपूजन होतं आणि मेस बंद. पोरं वसुबारसेपासून गावी जाऊ लागतात आणि भाऊबीज करून आठवड्याने परततात. येताना घरून पैसे घेऊन येतात. म्हणून नवा दर सोमवार, ११ नोव्हेंबरपासून, आणि पाटी दसऱ्यानंतरच्या सोमवारी, १४ ऑक्टोबरला. म्हणजे चार आठवडे आधी, आणि घरी जाण्यापूर्वी. "पुढच्या महिन्यापासून मेसचे अडीचशे जास्त लागतील" हे घरी समोरासमोर सांगता येतं, फोनवर सांगणं अवघड जातं.

इतक्या आधी सांगितलं की लोक जुन्या दराची बुकं घेऊन ठेवणार, ही काकूंची भीती. घेऊ द्यायची, पण माणशी एकच, असा मार्ग काढला. दीडशेच्या दीडशे मेंबरांनी एकेक जादा बुक घेतलं तरी आठ रुपये गुणिले तीस गुणिले दीडशे, म्हणजे छत्तीस हजार सोडावे लागले असते. जुन्या माणसांना राखण्याची ही किंमत मला परवडणारी वाटली. आणि दिवाळीआधी, बोनस द्यायच्या वेळी, हातात रोकड येणार होती. मी फक्त एक बजावलं : ही रोकड कमाई नाही, पुढे वाढायच्या थाळ्यांचं कर्ज आहे. बोनसपुरतं वापरा, बाकी वेगळ्या खात्यात ठेवा. नव्या दराची कुपनं गुलाबी छापली, जुनी पिवळी होती. गर्दीच्या वेळी वाढप्याला रंग दिसतो, तारीख दिसत नाही.

पाटीच्या मजकुरात मी आधी लिहिलं होतं, "पोळ्या करणाऱ्या मावश्यांचे पगार वाढवले आहेत." काकूंनी ते स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. एक मावशी लगेच म्हणाली, "ताई, आमचं नाव नका घालू. पोरं म्हणतील, हिच्यामुळं महागलं." बरोबर होतं तिचं. आपल्या दरवाढीची ढाल म्हणून कामवालीला पुढे करू नये. शब्द बदलले. शेवटी लागलेली पाटी ही :

"नमस्कार.
सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४ पासून आपल्या मेसचे दर असे राहतील :
थाळी ८० ऐवजी ९० रुपये. तीस कुपनांचं बुक २१०० ऐवजी २३४० रुपये.
पोळी-भाजी ५० रुपयेच. घरच्या डब्याचा दर थाळीप्रमाणे.

जून २०२३ नंतर आपण दर वाढवले नव्हते. या काळात स्वयंपाकघरातल्या सगळ्यांचे पगार आणि जागेचं भाडं वाढलं. वाढलेल्या खर्चात सर्वांत मोठा वाटा या दोन्हींचा आहे. तेल आणि कणीकही महागली आहे.

तुमच्याकडची पिवळी कुपनं १५ डिसेंबरपर्यंत चालतील, वर पैसे द्यावे लागणार नाहीत. शनिवार, २६ ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक मेंबरला एक बुक जुन्या दरात मिळेल.
पोळ्या तीनच राहतील, थाळीतलं काही कमी होणार नाही. जून २०२५ पर्यंत दर पुन्हा वाढणार नाही.

मेस सोमवार, २८ ऑक्टोबर ते मंगळवार, ५ नोव्हेंबर दिवाळीनिमित्त बंद राहील.
ज्यांना अडचण असेल त्यांनी दुपारी तीननंतर माझ्याशी बोलावं.
– काकू"

दर सुरुवातीलाच आहे, कारणं नंतर. माणूस पाटीकडे पाहतो तो किती वाढलं हे बघायला, आणि आधी सहा ओळी महागाईच्या वाचाव्या लागल्या की त्याला आकडा आहे त्याहून मोठा वाटू लागतो. "नाइलाज" आणि "सहकार्य" हे दोन शब्द काढले, कारण निर्णय काकूंचा होता आणि गिऱ्हाईक पैसे देणार होतं, सहकार्य करणार नव्हतं. कधीपर्यंत दर वाढणार नाही याबद्दल काकू "पुढच्या दिवाळीपर्यंत" लिहायला निघाल्या होत्या. वर्षभराचा शब्द द्यायला मी नको म्हटलं. पाळता येईल तेवढाच द्यावा, म्हणून जून. आणि "दुपारी तीननंतर" हे मुद्दाम, नाहीतर जेवणाच्या रांगेत, सगळ्यांसमोर, एकाची अडचण ऐकून घ्यावी लागते आणि मग प्रत्येकालाच अडचण येते.

पाटी गल्ल्यापाशी, हात धुण्याच्या जागेवर आणि मेंबरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लागली. पहिल्या दिवशी दोन-तीन पोरांनी कुरकुर केली, एकाने "पगार किती वाढवले?" असं थेट विचारलं. काकूंनी आकडा सांगितला नाही, "आठ माणसं आहेत, तूच कर हिशोब" म्हणाल्या. जुन्या दराची बुकं नव्वदच्या आसपास गेली. सगळ्यांकडे एकदम २१०० नसतातच, हे आम्ही धरलं नव्हतं, त्यामुळे भीती वाटली होती त्यापेक्षा बरंच कमी, एकवीस-बावीस हजारच सोडावे लागले.

फसलं ते दुसरीकडे. डबेवाली गिऱ्हाइकं मेसमध्ये येतच नाहीत. ती भिंत बघत नाहीत, बहुतेक जण ग्रुपवरही नाहीत. ११ तारखेला डब्यासोबत नव्या दराचा हिशोब गेला आणि दुपारी एका आजोबांचा फोन आला. बारा वर्षांचं गिऱ्हाईक. दहा रुपयांचं त्यांना काही नव्हतं. "त्या पोरांना महिनाभर आधी सांगितलंत, मला नाही," हे त्यांना लागलं होतं. काकू संध्याकाळी स्वतः डबा घेऊन गेल्या. सगळ्या डब्यांना नोव्हेंबर अखेरपर्यंत जुना दर लावला, आणि डब्याच्या झाकणाखाली चिठ्ठी ठेवून पुन्हा कळवलं. विद्यार्थ्यांपेक्षा ही मंडळी जास्त वर्षं टिकतात आणि त्यांच्या नाराजीची कुणकुण सगळ्यात उशिरा लागते.

परिणाम मोजायला नोव्हेंबर निरुपयोगी ठरला. दिवाळीची सुट्टी, मग २० तारखेला विधानसभेचं मतदान, त्यासाठी पुन्हा गावी जाणं. थाळ्या कमी गेल्या त्या दरामुळे की मतदानामुळे, हे कळायला मार्ग नव्हता. १ डिसेंबरला राज्यसेवेची पूर्वपरीक्षा झाली आणि त्यानंतर काही मुलं तशीही खोल्या सोडतात. म्हणून आम्ही जानेवारीवर थांबलो, आणि थाळ्यांऐवजी बुकं मोजली. रोखीचं गिऱ्हाईक येतं-जातं, पण ज्याने बुक पुन्हा घेतलं त्याने दर मान्य केला. दीडशेच्या जागी एकशे बेचाळीस बुकं गेली. न घेतलेल्यांची नावं काकूंनी काढली तेव्हा त्यातले निम्मे पुणं सोडून गेलेले निघाले.

पोळी-भाजीचा अंदाज मात्र चुकला. दिवसाला पंधरा जायच्या त्या पस्तीसवर गेल्या. वरवर पाहता ही थाळीतून गळती वाटते, आणि काही प्रमाणात ती होतीच. पण वाढपी सांगत होता की त्यात रात्रीचं जेवण सोडणारी काही पोरंही आहेत, जी आधी येतच नव्हती. किती कोण, हे वेगळं काढता आलं नाही. पोळी जास्त लागू लागल्याने मावश्यांचं काम वाढलं, ते मात्र खरं, आणि त्यासाठी मार्चपासून पोळ्यांना एक बाई अर्धवेळ घ्यावी लागली.

३० मे २०२५ ला केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं, आणि त्या उन्हाळ्यात व्यावसायिक सिलिंडरही महिन्यामागून महिना उतरत गेला. पाटीवर तेल-गॅस हेच मुख्य कारण असतं तर काकूंना रोज उत्तरं द्यावी लागली असती. विचारलं फक्त एकाने, तेही हसत. जूनची मुदत संपल्यावर थाळी आणि बुक दोन्हींचे दर तसेच ठेवले. पोळी-भाजी ५० ची ५५ केली, अर्धवेळ बाईच्या पगारासाठी. ती पाटी दोन ओळींची होती, आणि त्या वेळी डब्यांमध्ये चिठ्ठी आधी गेली.